गोळी की शिरेतून लोह? फेरिटिन ६८ असताना

कोथरूडच्या आमच्या काकूंना बरीच वर्षं संधिवात आहे. चार महिने रोज लोहाची गोळी घेऊनही हिमोग्लोबिन ९.२ वर अडकलं. "गोळी बदलू, की सलाईनमधून लोह घेऊ?" म्हणून त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला: लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ६८, सूज दाखवणारं सीआरपी ३८, रक्तातलं लोह म्हणजे सीरम आयर्न २८, रक्ताची लोह वाहायची एकूण क्षमता म्हणजे टीआयबीसी २५५.

फेरिटिन 'नॉर्मल' छापलंय म्हणून लोह पुरेसं आहे, असं इथे समजू नये. सूज असली की फेरिटिन आपोआप चढतं. एरवी ३० च्या खाली कमतरता धरतात; सूज असताना १०० पर्यंतही ती असू शकते. २८ भागिले २५५, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनवर जेमतेम ११ टक्के लोह. २० टक्क्यांच्या खाली म्हणजे लाल पेशी बनवणाऱ्या हाडांतल्या मज्जेपर्यंत माल पोचत नाहीये.

अडवतंय कोण? हेप्सिडिन, यकृतात तयार होणारं २५ अमिनो आम्लांचं छोटं संप्रेरक. पेशीतून लोह रक्तात सोडणारं एकच दार आहे, फेरोपोर्टिन. हेप्सिडिन त्याला चिकटतं आणि पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. सांध्यांच्या सुजेतून आलेलं, सुजेचा निरोप नेणारं इंटरल्युकिन-६ यकृताला हेप्सिडिन वाढवायला लावतं. मज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं, त्यातलं आतड्यातून येतं फक्त १-२. बाकी सगळं जुन्या लाल पेशी मोडणाऱ्या मॅक्रोफेजकडून. मार्केट यार्डात पोती आहेत, पण गाळ्याचं शटर खाली!

आता निवड. गोळीचं लोह आतड्याच्या पेशीत शिरतं, दार बंद म्हणून तिथेच बसतं आणि दोन-चार दिवसांत पेशी झडली की शौचावाटे जातं. शिवाय मोठा डोस स्वतःच साधारण दिवसभर हेप्सिडिन वाढवतो, म्हणून नुसत्या कमतरतेत एक दिवसाआड गोळी बरी लागू पडते. काकूंच्या बाबतीत मात्र वाढ मुख्यतः सुजेची आहे. एक दिवसाआड घेतल्यानं पोट सुखी राहील, एवढंच.

शिरेतून दिलेलं लोह आतडं टाळतं, पण आधी मॅक्रोफेजमध्येच जातं आणि बाहेर पडायला त्यालाही तेच दार लागतं. तरी साठा मोठा झाला की काही लोह निसटतं, म्हणून गोळीपेक्षा फायदा होतो. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असेल तर ते पुढे ढकलायचं.

फेरिटिन ४०० असतं तर मी शिरेतल्या लोहाला नको म्हटलं असतं. तेव्हा कमतरता नसते, कोंडी असते. ६८ वर दोन्ही आहेत. म्हणून माझा कौल शिरेतल्या लोहाला, पण संधिवाताच्या डॉक्टरांकडे औषध वाढवायचं बोलूनच. सूज उतरल्याशिवाय दार नीट उघडणार नाही. आणि हो, संधिवाताच्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटातून रक्त झिरपतंय का, तेही तपासून घ्यायचं.

नंतर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन बघायचं. फेरिटिन त्याआधी करू नये. शिरेतून लोह घेतल्यावर ते काही आठवडे उगाच फुगलेलं दिसतं.