'तुमचा फोन दिसतोय' हे वाक्य काढून टाकल्यावर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

अँड्रॉइड अ‍ॅप तपासायला येणाऱ्या नव्या माणसांना आम्ही सेटअपची सूचना पाठवतो. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा, केबलने फोन संगणकाला जोडा, जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी `adb devices` ही आज्ञा संगणकावर चालवा आणि फोन ओळखला गेला की तशी नोंद लिहून पाठवा. त्या नोंदीला आम्ही लेखी होकार देतो. पूर्वीचा ठरलेला मजकूर होता, "हो, तुमचा फोन दिसतोय, पुढची पायरी घ्या." आमच्यापैकी कुणालाच काही दिसत नसायचं. समोर असायची ती फक्त त्यांनी लिहिलेली ओळ.

नव्या मजकुरात दिसण्याची भाषाच नाही. तुम्ही काय पाठवलंत, त्यावरून काय म्हणता येतं आणि कशाबद्दल अजून काही म्हणता येत नाही, एवढंच त्यात येतं. सुरुवातीला मला हे वकिली थाटाचं वाटलं होतं. मत बदललं ते एका जोडणीमुळे.

एकाने नोंद पाठवली, "डिव्हाइस डिटेक्ट झालं." नव्या पद्धतीप्रमाणे उत्तर गेलं: "डिव्हाइस सापडल्याचं तुम्ही कळवलंत. ते तुमचा फोनच आहे का, हे या नोंदीवरून समजत नाही. आउटपुट जसंच्या तसं पाठवाल का? सिरीयल नंबर झाकला तरी चालेल, पण emulator शब्द असेल तर तो आणि शेवटचा शब्द राहू द्या." आलं ते असं:

```
List of devices attached
emulator-5554   device
```

संगणकावर एम्युलेटर, म्हणजे फोनची नक्कल करणारा प्रोग्राम, उघडा होता आणि यादीत तोच आला होता. फोनचा पत्ताच नव्हता. इथे जुना होकार गेला असता तर पुढच्या पायरीत `adb install` बिनतक्रार चाललं असतं, `Success` आलं असतं आणि अ‍ॅप एम्युलेटरमध्ये जाऊन बसलं असतं. मग फोनवर अ‍ॅप का सापडत नाही याचा शोध भलतीकडेच सुरू झाला असता, कारण 'फोन दिसतोय' हे आम्हीच लिहून दिलेलं, त्यामुळे केबलवर संशय कोण घेणार?

केबल नुसती चार्जिंगची निघाली. डेटा वाहणारी केबल लावल्यावर यादीत फोनची ओळ आली, पण पुढे `unauthorized` होतं. त्यालाही पुष्कळ जण 'डिटेक्ट झालं' म्हणतात आणि एका अर्थी ते खरंही आहे: फोन संगणकापर्यंत पोचलाय, पण त्याने या संगणकाला अजून परवानगी दिलेली नाही. इथे "तुमच्या फोनवर परवानगीची खिडकी आली आहे" असं ठोकून देण्याचा मोह होतो. आम्ही लिहिलं, "या स्थितीत फोनवर सहसा यूएसबी डीबगिंगला परवानगी मागणारी खिडकी येते. फोनचं लॉक उघडून ती आली आहे का ते पाहा." त्याने पाहिलं, परवानगी दिली, आणि पुढच्या आउटपुटमध्ये फोनसमोर `device` आलं. त्यावरचा होकारही मोजूनमापून होता, कारण `device` म्हणजे फोन एडीबीशी जोडलेला आहे एवढंच. अँड्रॉइड पूर्ण सुरू झालंय, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय एम्युलेटर चालूच असल्याने पुढच्या आज्ञेत `-s` आणि फोनचा सिरीयल द्यायला सांगितलं.

तक्रारीही आहेत. उत्तरं लांबली आहेत. ज्याला हे सगळं येतं, त्याला आउटपुट मागितलं की आपल्यावर विश्वास नाही असं वाटतं, आणि त्याचं चुकतं असंही नाही. म्हणून नोंदीतच पूर्ण आउटपुट असेल तर मी एका ओळीत आटोपतो: "पाठवलेल्या आउटपुटनुसार फोन `device` स्थितीत आहे, पुढे चला." स्क्रीनशॉट आला तर "स्क्रीनशॉटमध्ये" असं लिहितो. तो पाठवल्यानंतर केबल निघालेली असू शकते. समोरच्याने खरोखर स्क्रीन शेअर केली असेल, तर "शेअर केलेल्या स्क्रीनवर दिसतंय" म्हणायला काहीच हरकत नाही. उगाच सोवळं पाळायची गरज नाही.

एक फायदा मात्र आधी ध्यानात आला नव्हता. जुन्या होकारावर अधूनमधून विचारणा यायची, "म्हणजे तुम्हाला माझी स्क्रीन दिसते का?" प्रश्न रास्तच. तुमचा संगणक आम्हाला दिसतोय, असं सांगणं ही तांत्रिक मदतीच्या नावाखाली फसवणाऱ्यांचीही नेहमीची रीत आहे. मजकूर बदलल्यापासून माझ्याकडे तरी हा प्रश्न आलेला नाही.

आता सूचनेच्या शेवटच्या पायरीत एक सुधारणा हवी आहे. 'फोन ओळखला गेला की कळवा' याऐवजी `adb devices -l` चं आउटपुट पाठवा, असंच लिहावं. त्यात जोडलेल्या उपकरणाच्या ओळीत मॉडेलचं नावही येतं, त्यामुळे एम्युलेटर आणि फोनचा घोळ पहिल्याच नोंदीत पकडता येईल आणि माझा एक उलटा प्रश्न वाचेल.