नऊ रात्री आणि समाप्तीची एकच वेळ : प्रवेशिका-ॲपचा चार महिन्यांचा अनुभव

ठाण्यातील आमच्या सोसायटीने नवरात्रातील गरब्याच्या प्रवेशिका विकण्यासाठी आषाढात ३,६०० रुपये वार्षिक शुल्क भरून हे ॲप घेतले. ते आता कोजागिरीपर्यंत वापरून झाले आहे. क्यूआर स्कॅन होणे, पैसे जमा होणे वगैरे सारे ठीक चालते. माझी तक्रार एका रकान्याबद्दल आहे.

या ॲपमध्ये संपूर्ण कार्यक्रमासाठी समाप्तीची एकच वेळ भरता येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री १० वाजता बंद करावे लागतात आणि राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवसच ते मध्यरात्रीपर्यंत वाजवण्याची सवलत देऊ शकते. यंदा आमच्या नऊ रात्रींपैकी तीनच त्या सवलतीत होत्या, पण ॲपने नऊही प्रवेशिकांवर ‘७ ते १२’ छापले. पहिल्या रात्री पावणेदहाला नटूनथटून आलेल्या कुटुंबांना पंधरा मिनिटांचा गरबा मिळाला आणि आम्हाला अठ्ठावीस जणांचे पैसे परत करावे लागले. कंपनीच्या मदत कक्षाने नऊ वेगळे कार्यक्रम तयार करा, म्हणजे नऊ वेळा शुल्क भरा, असा सल्ला दिला. त्याऐवजी मी साठ रुपयांचा रबरी शिक्का करून घेतला आणि उरलेल्या कागदी प्रवेशिकांवर ‘आज रात्री १०’ असे उमटवले.

दुसऱ्या रात्रीपासून मात्र माझे मत थोडे बदलले, कारण ‘शेवटचा प्रवेश’ हा रकाना दररोज बदलता येतो हे उशिरा लक्षात आले. तिथे ८.४५ टाकल्यावर गर्दी आपोआप लवकर येऊ लागली. आरती सातला, शेवटची फेरी साडेनऊला आणि ९.५५ला आवाज बंद, असा क्रम आम्ही ठरवला. ॲम्प्लिफायरचा मुख्य स्विच डीजेकडे न ठेवता समितीच्या सभासदाकडे दिला, कारण ‘अजून एकच गाणं’ ही विनंती डीजेला कधीच मोडवत नाही.

‘संगीत परवाना घेतला’ या चौकटीवर कोणीही विसंबू नये. तिथे केवळ खूण करायची असते, कागद कोणी मागत नाही. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असतील तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा आणि शब्द-चालींच्या हक्कांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पहिल्यासाठी आम्ही पीपीएल आणि दुसऱ्यासाठी आयपीआरएस या परवाने देणाऱ्या संस्थेकडे गेलो. वादकांनी प्रत्यक्ष गायले-वाजवले तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न उरत नाही, चालींचा उरतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीला कायद्यात सूट आहे, पण प्रवेशिका विकलेल्या गरब्याला ती मिळेल असे आम्ही गृहीत धरले नाही. ‘माझ्याकडे परवाना आहे’ असे डीजे म्हणाला, तेव्हा त्यावर आमच्या कार्यक्रमाचे नाव, जागा आणि तारखा आहेत का, हे पाहिले. त्या नव्हत्या.

पोशाखाच्या सूचनेत नुसते ‘पारंपरिक’ लिहून आम्ही दारात वाद ओढवून घेतला. चणिया-चोळी, केडियू, साडी, कुर्ता चालेल आणि धातूच्या टिपऱ्या मात्र नकोत, एवढे लिहिल्यावर तो मिटला.

पुढील वर्षासाठी शुल्काच्या नूतनीकरणाचा निरोप परवाच आला. रोजची समाप्ती वेगळी भरता येईल का, या माझ्या प्रश्नाला अद्याप उत्तर नाही, म्हणून पैसे भरलेले नाहीत. शिक्का कपाटात जपून ठेवला आहे.