धावता गुणतक्ता की चढाईनिहाय नोंद?

कबड्डीच्या धावत्या गुणतक्त्यात 1, 2, 3 असे आकडे आधीच छापलेले असतात. गुण मिळाला की पुढचा आकडा खोडायचा. हात लगेच चालतो, फलकाशी ताळा एका नजरेत होतो. पण गुण कशाचा, हे त्यात हरवतं.

एक चढाई बघा. गुण 14-11. ‘अ’चे पाच गडी मैदानात, ‘ब’चे सहा. ‘अ’चा 7 नंबर बोनस रेषा ओलांडतो आणि लगेच पकडला जातो. दोघांना एकेक गुण, 15-12. तक्त्यात दोन्ही बाजूंना एकेक आकडा खोडला, संपलं. खरं तर बोनसने ‘अ’चा कुणी आत येत नाही, पकडीने मात्र ‘ब’चा बाद गडी आत येतो. आता मैदानात चार विरुद्ध सात. पुढच्या चढाईत ‘ब’ने बोनस मागितला तर तो नाही, कारण समोर किमान सहा गडी लागतात.

चढाईनिहाय ओळीत हे सगळं दिसतं: चढाई 23, चढाईपटू अ-7, समोर 6, बोनस 1, पकड ब-4, उरले 4-7. अव्वल पकडीचा जादा गुणही या ‘समोर’च्या रकान्यावरूनच तपासता येतो, तिथे तीन किंवा कमी हवेत.

बदली इथेच लिहा, ‘23 नंतर, 9 बाहेर, 12 आत’. नाहीतर पुढच्या पकडी चुकीच्या नंबरवर चढतात.

एकटे असाल तर धावता तक्ता घ्या. दोघं असाल तर मी दोन्ही ठेवीन, आणि प्रत्येक लोणनंतर बेरीज जुळवीन.