टेप, कॅलिपर आणि शंकूछेद: तालमीतल्या मापांचा काही महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात पैलवानाचं वजन बघायला काटा सगळीकडे आहे, पण वाढलेलं वजन मांस की चरबी हे काटा सांगत नाही. त्यासाठी तालमीतल्या पोरांच्या मांड्यांवर शंकूछेदाची पद्धत, म्हणजे मांडीचा प्रत्येक आडवा तुकडा टोक कापलेल्या शंकूसारखा धरून घनफळ काढायची पद्धत, काही महिने वापरली. १९६९ साली जोन्स आणि पिअरसन यांनी पायाचे सहा शंकूछेद धरून घनफळ आणि चरबी काढली होती, तोच हा मार्ग. मी फक्त मांडी घेतो.

गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दर १० सेंमीवर पेनाने खूण करायची आणि प्रत्येक खुणेवर घेर घ्यायचा. एका पोराचे घेर ३८, ४६, ५४ आणि ६० सेंमी आले. घेर स्प्रेडशीटच्या B2 ते B5 मध्ये लिहून पहिल्या तुकड्यासाठी हे सूत्र घालायचं आणि आणखी दोन ओळी खाली ओढायचं:

```
=10*(B2^2+B2*B3+B3^2)/(12*PI())
```

तिन्ही तुकडे मिळून सुमारे ५९९० घन सेंमी, म्हणजे ५.९९ लिटर होतात. फक्त ३८ आणि ६० घेऊन एकच शंकूछेद केला तर ५.८३ येतात, कारण मांडी मध्ये फुगीर असते आणि सरळ बाजूच्या शंकूत तो फुगवटा मावत नाही. दंडगोल धरायचा मोह तर टाळाच.

चरबीसाठी त्याच खुणांवर कॅलिपरने चिमूट मोजायची. चिमटीत कातडी आणि चरबीचा थर दुहेरी येतो, म्हणून जाडी निम्मी. त्यामुळे आतला घेर म्हणजे बाहेरच्या घेरातून π गुणिले चिमूट वजा. या पोराची चिमूट सगळीकडे १.२ सेंमी होती, म्हणजे प्रत्येक घेरातून ३.७७ सेंमी गेले. आतलं घनफळ ५.१३ लिटर, म्हणजे चरबी कातडीसकट सुमारे ८६० मिली. हाडं आतल्या आकड्यातच राहतात, तो निव्वळ मांसाचा समजू नका.

आता खरी अडचण. घेराचा वर्ग होत असल्याने चूक दुप्पट होते: चारही घेर १ सेंमीने जास्त आले की मांडी २४० मिलीने ‘वाढते’. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, म्हणून फायबरग्लासची घ्या. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतायला नको. जोर-बैठकांनंतर स्नायू फुगतात, त्यामुळे माप सकाळी मेहनतीआधीच घ्यायचं. चिमटीत १ मिमीचा फरक पडला की चरबीत सुमारे ७० मिलीचा पडतो. म्हणून मापणारा माणूस बदलू नये. आधीच्या महिन्याचा आकडाही त्याला दाखवू नये, हात नकळत तिकडे झुकतो.

त्याच माणसाच्या त्याच मांडीतला बदल बघायला ही पद्धत मला पटली. पण यावरून अख्ख्या अंगाची चरबी टक्क्यांत सांगू नका. धड गोल नसतं, आणि पोटातल्या आतड्यांभोवतीची चरबी चिमटीत येतच नाही.