हजेरीचं मशीन आणि त्याचं अ‍ॅग्रीमेंट: अडीच वर्षांचा अनुभव

मशीनबद्दल तक्रार नाही. बोट ओलं असलं तरी पंच होतं, ओव्हरटाइमचा हिशेबही बहुतेक वेळा बरोबर येतो. मला महागात पडलं ते सोबतचं चौदा पानी अ‍ॅग्रीमेंट. मी प्लांटचा अ‍ॅडमिन बघतो, वकील नाही. सही करताना फक्त दराचं पान वाचलं होतं.

करार 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2025. आम्हाला पुढे चालू ठेवायचा नव्हता, म्हणून 20 डिसेंबरला मशीन भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या अकाउंट मॅनेजरला मेल टाकला. जानेवारीत उत्तर आलं की करार वर्षभरासाठी वाढलाय, दरही 10 टक्के जास्त. 'किमान 90 दिवस आधी नोटीस', नाहीतर करार आपोआप वाढणार, हे मी पाळलं होतं. शेवटची तारीख 31 डिसेंबर होती. पण नोटीस कशी द्यायची ते नऊ पानं पुढे 'नोटिसा' या वेगळ्या कलमात होतं: रजिस्टर्ड पोस्टाने, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर, आणि पोचेल तीच तारीख धरणार. मेल धरलाच नाही. आता कुठलंही अ‍ॅग्रीमेंट आलं की आधी ते नोटिसांचं कलम काढतो, मग ऑटो-रिन्युअल वाचतो.

मधेच बाहेर पडू म्हटलं, तर तेही जमेना. त्यांना 30 दिवसांची नोटीस देऊन कधीही थांबता येतं. आम्हाला मात्र त्यांनी 'गंभीर भंग' केला आणि लेखी कळवूनही 60 दिवसांत तो सुधारला नाही, तरच. नाहीतर उरलेल्या महिन्यांचं सगळं भाडं भरा. आमच्या वकिलांनी सांगितलं की 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 अशा वेळी वाजवी भरपाईच देतं, करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. पण ते कोर्टात गेल्यावर. महिन्याला 18,000 साठी कोर्टात कोण जातो?

लायबिलिटीचं कलम कळलं ते पगाराच्या आठवड्यात सर्व्हर दोन दिवस बंद पडला तेव्हा. हजेरी हाताने जुळवायला बाहेरची माणसं लावली, 70,000 गेले. त्यांची जबाबदारी मागच्या तीन महिन्यांच्या भाड्याइतकीच, म्हणजे 54,000. शिवाय 'अप्रत्यक्ष नुकसान' वगळलेलं, आणि ही मजुरी त्यातच मोडते असं त्यांचं म्हणणं. हातात आला एक महिन्याचा क्रेडिट. आमच्या जबाबदारीला मात्र कुठेच मर्यादा नाही. हे वाक्य लिहिलेलं नसतं, त्यामुळे नजरेतून निसटतं. मर्यादा 'दोन्ही पक्षांची' आहे की फक्त 'विक्रेत्याची', तो एक शब्द शोधायचा.

या ऑक्टोबरात नव्या कराराचा मसुदा आला तेव्हा चार दुरुस्त्या मागितल्या. मेलवरची नोटीस चालेल, 30 दिवसांत आम्हीही थांबू शकतो, आणि जाताना हजेरीचा सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल, एवढं त्यांनी मान्य केलं. जबाबदारीची मर्यादा बारा महिन्यांच्या भाड्याइतकी करा म्हटलं, तर सहावर अडलेत. सही अजून केलेली नाही. जुन्या कराराची नोटीस मात्र या वेळी रजिस्टर्ड पोस्टाने गेली, पोचपावती फाइलला लावली आहे.