हेन्स की कॉन्सिक्वेंटली? संत्र्याच्या रसाचा एक रिपोर्ट

नागपुरातल्या आमच्या बीएस्सीच्या पोरांचे इंग्रजी प्रॅक्टिकल रिपोर्ट तपासताना ‘देअरफोर’ आणि ‘दस’ मोजायची मला सवयच लागली आहे. परवा एकीच्या दोन पानांत सात ‘देअरफोर’ निघाले. लाल खुणा करून वही परत दिली, तर तिने समानार्थी शब्दांची यादी समोर ठेवून चार ठिकाणी ‘हेन्स’ आणि तीन ठिकाणी ‘कॉन्सिक्वेंटली’ टाकलं. वाचायला बरं झालं, पण एका जागी रसायनशास्त्र उलटं झालं.

प्रयोग साधा होता: संत्र्याच्या ताज्या आणि उकळलेल्या रसातलं व्हिटॅमिन सी आयोडीनने टायट्रेट करून मोजायचं. रसात व्हिटॅमिन सी आहे तोवर ब्युरेटमधून पडणारं आयोडीन त्यातच खर्च होतं. ते संपलं की पुढच्या थेंबाला रसात घातलेल्या स्टार्चमुळे निळा-काळा रंग येतो आणि टिकतो. तिला २० मिली ताज्या रसाला ७.० मिली आयोडीन लागलं, तेवढ्याच उकळलेल्या रसाला ५.६ मिली. द्रावण ०.००५ मोलार असल्याने १ मिली म्हणजे ०.८८ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. म्हणजे ६.२ मिलिग्रॅमवरून ४.९ वर.

आता तिचं वाक्य, मराठीत: उकळलेल्या रसाला आयोडीन कमी लागलं, ‘कॉन्सिक्वेंटली’ व्हिटॅमिन सी कमी झालं.

“काहून सर, चुकलं काय? यादीत तर दोन्ही सारखेच दिलेत.”

आयोडीन कमी ओतल्याने व्हिटॅमिन सी घटत नाही. घडलं ते उलट्या क्रमाने: व्हिटॅमिन सी आधीच कमी होतं, परिणामी आयोडीन कमी लागलं. आपण मात्र ब्युरेटचा आकडा आधी पाहतो आणि त्यावरून रसात काय होतं ते ओळखतो. घटनेचा क्रम एक, आपल्या तर्काचा क्रम दुसरा. ‘कॉन्सिक्वेंटली’ घटनेच्या क्रमाला शोभतं, कारण त्याच्या लॅटिन मुळातच मागोमाग येण्याचा अर्थ आहे. ‘हेन्स’चा जुना अर्थ ‘इथून’, म्हणजे आपल्या ‘यावरून’चा सख्खा भाऊ. तो तर्काला छान बसतो, कधी परिणामालाही चालतो. म्हणून शंका असेल तर वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. ‘यावरून दिसतं की’ बसलं तर ‘हेन्स’ घ्या. ‘परिणामी’ बसलं तरच ‘कॉन्सिक्वेंटली’. आपलं ‘त्यामुळे’ या परीक्षेला घेऊ नका. बोलताना ते दोन्हीकडे घुसतं.

‘कॉन्सिक्वेंटली’ जास्त जबाबदारीचा शब्द आहे. ते लिहिलं की आधीच्या गोष्टीनेच पुढची घडवली असा दावा होतो. ‘रस उकळला; कॉन्सिक्वेंटली व्हिटॅमिन सी घटलं’ हे वाक्य दिशेने बरोबर आहे. पण तिने उकळलेला रस गार व्हायला तासभर उघडा ठेवला होता आणि ताजा रस पिळल्या पिळल्या वापरला होता. हवेतल्या ऑक्सिजननेही व्हिटॅमिन सी जातं. मग घट उष्णतेची किती आणि तासाभराची किती? ताजा रसही तासभर उघडा ठेवून मोजला असता, तर तो शब्द तिला परवडला असता. उकळताना उडालेलं पाणी भरून काढलं का, हाही प्रश्न उरतोच; नसेल काढलं तर रस घट्ट होऊन खरी घट झाकली जाते.

‘हेन्स’लाही मोकळं रान नाही. आयोडीन खाणारा दुसरा पदार्थ रसात असेल, उदाहरणार्थ टिकवण्यासाठी घातलेला सल्फाइट, तर आकडा फुगतो आणि ‘यावरून’ लंगडं पडतं. घरी पिळलेल्या संत्र्यात तो धोका नाही. बाटलीबंद रस घेतला तर लेबल वाचायला लागेल.

व्याकरणाचा फरक थोडक्यात. दोन पूर्ण वाक्यं जोडताना दोन्ही शब्दांच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा, नुसता स्वल्पविराम नाही. ‘हेन्स’नंतर क्रियापद न घेता नुसतं नाम चालतं, जसं ‘हेन्स द डिफरन्स’. ‘कॉन्सिक्वेंटली’ला ते जमत नाही. आणि ‘हेन्स व्हाय’ रिपोर्टमध्ये नको, बोलण्यात कोणी म्हटलं तर म्हणू द्या.

‘अॅज अ रिझल्ट’ हे ‘कॉन्सिक्वेंटली’चं सोपं रूप, मला तेच जास्त आवडतं. ‘अकॉर्डिंगली’ आपण पुढे काय केलं ते सांगताना ठेवा: पहिल्या टायट्रेशनमध्ये आयोडीन जास्त पडलं; अकॉर्डिंगली पुढचं थेंबाथेंबाने केलं.

शेवटी तिने वाक्य असं केलं: उकळलेल्या रसाला आयोडीन कमी लागलं; ‘हेन्स’ त्यात व्हिटॅमिन सी कमी होतं. उष्णतेचं वाक्य ‘कदाचित’ घालून चर्चेच्या भागात गेलं. सातांपैकी तीन जोडशब्द उरले. बाकी चार ठिकाणी आकडेच पुरेसे होते.