डब्याचं बिल, खाडे आणि अ‍ॅडव्हान्स: आठ महिने वापरल्यावर

मी डबे पुरवते. आधी हिशोब वहीत होता. आठ महिन्यांपूर्वी एक तयार बिलाची स्प्रेडशीट घेतली. रोज हजेरी भरायची, महिनाअखेर बिल निघतं. दिसायला छान, पण पहिल्याच महिन्यात तिने मला तोंडघशी पाडलं.

एक ताई महिनाभर गावाला गेल्या होत्या. एकही डबा गेला नाही, तरी बिल निघालं 347 चं! शोधल्यावर कळलं की शीट महिन्याच्या दराला 30 ने भागत होती. दर 2600 धरा. रविवारी डबा नाही, म्हणजे महिन्याचे डबे 26. 30 ने भागलं की एका खाड्याचे 87 सुद्धा धड वजा होत नाहीत, खरे जायला हवेत 100. मग मी कायमचे 26 घातले, तर 27 डब्यांच्या महिन्यात उलटं झालं: सगळे खाडे टाकून पाहिले तर बिल उणे 100. भागायचं ते त्या महिन्याच्या खऱ्या डब्यांनी. तो आकडा आता AH2 मध्ये दर महिन्याला हाताने लिहिते.

```
=ROUND(B5*COUNTIF(C5:AG5,"खा")/AH$2,0)
```

B5 मध्ये दर, पुढे 31 दिवसांची हजेरी. आदल्या रात्रीपर्यंत निरोप आला तरच "खा". उशिरा कळवलं तर "उ", त्याचे पैसे वजा नाहीत, कारण डबा भरून झालेला असतो. ही खूण मूळ शीटमध्ये नव्हती. आता "मी तर कळवलं होतं" वर वाद घालावा लागत नाही.

अ‍ॅडव्हान्सचा घोळ जास्त मुरलेला निघाला. शीट फक्त "2 महिने शिल्लक" एवढंच दाखवायची. आगाऊ भरलेल्या महिन्यातले खाडे कुठे जायचे? कुठेच नाही. म्हणून महिन्यांऐवजी रक्कम लिहायला लागले. एकाने तीन महिन्यांचे 7800 भरले. पहिल्या महिन्यात 26 पैकी 4 खाडे, बिल 2200, शिल्लक 5600. दुसऱ्यात खाडा नाही, शिल्लक 3000. तिसऱ्यात 27 पैकी एक खाडा, 96 वजा होऊन बिल 2504, उरले 496. चौथ्या महिन्याला त्यांच्याकडून 2104 च घेतले. जुन्या पद्धतीने मी पूर्ण 2600 मागितले असते, आणि त्यांनाही कदाचित कळलं नसतं.

बिलावर मागील शिल्लक, या महिन्याचं बिल, खाडे वजा आणि पुढे नेलेली शिल्लक अशा चार ओळी येतात. मागच्या बिलाची शेवटची ओळ या बिलाच्या पहिलीशी जुळली नाही, तर चूक तिथेच शोधायची.

छपाई, मेसेज वगैरे ठीकठाक.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. महिन्याच्या मध्यात कुणी सुरू झालं की आधीच्या दिवसांना मी "खा" टाकते. रक्कम बरोबर येते, पण नवीन माणसाला पहिल्याच बिलात "12 खाडे" दिसतात. परवा एकाने विचारलंच, "काकू, मी तर एकही डबा चुकवला नाही!"